वीस ऑगस्टची मुदत

वर्तमानपत्राची उपनगर आवृत्ती बंद झाली तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांचा होतो. बावीस वर्षं बातमीदारी केली होती, त्यातली नऊ कोर्टाची. दुसऱ्या पेपरात जागा शोधण्याऐवजी मी घाटकोपरच्या एका लॉ कॉलेजात सकाळच्या वर्गाला नाव घातलं. सेहेचाळिसाव्या वर्षी सनद मिळाली. बोरिवली पूर्वेला एका वकीलबाईंच्या ऑफिसात ज्युनियर म्हणून बसू लागलो. सगळे त्यांना मॅडम म्हणत, मीही म्हणू लागलो.

माझ्याबरोबर त्याच महिन्यात आणखी एक जण तिथे रुजू झाला. कॉलेजात तो माझ्याच बाकावर बसायचा. वयाने पाच वर्षांनी लहान. आजोबा गिरणीत, वडील विक्रोळीच्या कारखान्यात, घर अजून विक्रोळीच्याच चाळीत. त्याने वीज कंपनीच्या काउंटरवर सोळा वर्षं अर्ज घेतले होते आणि मग स्वेच्छानिवृत्ती घेऊन कायदा शिकायला आला होता. तीन वर्षांतल्या सहाही सत्रांत त्याचे गुण माझ्यापेक्षा जास्त होते. सर्वांत कमी फरक चार गुणांचा होता. हे आकडे मला पाठ आहेत, त्याला असतील असं वाटत नाही.

तो माझा मित्र होता. माझ्या घरी जेवायला यायचा. बायकोला त्याचं बोलणं आवडायचं. तो गेल्यावर ती हसत भांडी आवरायची आणि मला त्या हसण्याचा राग यायचा. मी तो कधी दाखवला नाही. बातमीदाराला चेहरा कोरा ठेवायची सवय असते.

ऑफिसात एक गोष्ट मला पहिल्या आठवड्यातच लागली. मॅडम त्याला 'तू' म्हणत आणि मला 'तुम्ही'. वयामुळे असेल. पण 'तू म्हाताऱ्याच्या मॅटरचं बघ' आणि 'तुम्ही जरा तारखा लिहून ठेवाल का?' या दोन वाक्यांत मला कामाचीच वाटणी दिसत होती.

मॅडमची एक पद्धत होती. नवी फाइल आली की त्या पक्षकाराला लगेच मत देत नसत. फाइलमधली नावं काढून क, ख, ग घालत, घटना तारखांसह एका कागदावर उतरवत आणि त्याचा परीक्षेसारखा प्रश्न करत. सोबत महत्त्वाच्या कागदांच्या झेरॉक्स. आम्ही दोघांनी आठवडाभरात आपापलं उत्तर एका फुलस्केपवर हाताने लिहायचं, एकमेकांना दाखवायचं नाही. शनिवारी त्या दोन्ही उत्तरं वाचत, मग पक्षकाराला बोलावत. 'नाव कळलं की तुम्ही माणसाच्या बाजूने वाचता,' त्या म्हणत. 'अक्षर असलं की कायदा वाचता.'

झेरॉक्स काढून आणायचं काम माझं होतं.

२०१९ च्या जुलैअखेर एक वीस वर्षांची मुलगी तिच्या मामांबरोबर आली. मुलगी कॉलेजात शिकत होती. मामा बेस्टमधून निवृत्त झालेले, हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकची फाइल. दहिसरला नदीच्या बाजूला मुलीच्या वडिलांचा छोटा प्लॉट होता. त्यावर दोन खोल्या. खोल्यांत एक राखणदार कुटुंबासह राहत होता आणि जागा त्याचीच आहे असं सांगत होता. मुलीला आई नव्हती, वडीलही नव्हते. ती मामांच्या घरी मामेभावंडांबरोबर वाढली होती. तिच्या नावावर जगात एवढी एकच वस्तू होती.

'मिळेल का?' तिने विचारलं.

'पुढच्या शनिवारनंतर सांगते,' मॅडम म्हणाल्या.

मामा उठता उठता माझ्याकडे वळून म्हणाले, 'ओ साहेब, त्यात तो लाइटचा फॉर्म आहे ना, तो माझ्यामुळे आहे. मीच सही दिली त्याला. मीटर बसला, बिल त्याच्या नावावर यायला लागलं. ही पोरगी मला काय बोलत नाही, पण मीच वाट लावली तिची.'

मुलगी म्हणाली, 'मामा, चला ना.'

३ ऑगस्टच्या शनिवारी मॅडमनी प्रश्न दिला. तो कागद मी ठेवला आहे. त्यातला मजकूर असा:

'क हा दहिसर येथील भूखंडाचा मालक. १ जून १९९१ रोजी त्याने ख याला भूखंडावरील दोन खोल्यांत विनाभाडे राहू दिले. ख याने भूखंड राखावा. ११ नोव्हेंबर १९९८ रोजी ख याने क यास रजिस्टर पत्र पाठवले: जागा माझी आहे, यापुढे मागू नये. क यास ते १६ नोव्हेंबर १९९८ रोजी पोहोचले. क याने काही केले नाही. २००३ साली क वारला. एकमेव वारस मुलगी ग, जन्म २० एप्रिल १९९९. २० ऑगस्ट २००७ रोजी ख याने वीजजोडणीसाठी अर्ज केला व मीटर घेतला. ख आजही तेथे राहतो. ग हिला आज कब्जासाठी दावा करता येईल काय? मुदतीच्या कायद्यातील तरतुदींसह उत्तर द्या.'

हा प्रश्न माझ्यासाठीच केला आहे असं मला वाटलं. तारखा हे माझं काम. मी त्याच संध्याकाळी उभी रेघ मारून डाव्या बाजूला तारखा आणि उजव्या बाजूला घटना लिहिल्या आणि सापळे शोधत गेलो.

पहिला सापळा १९९१ चा. दुसऱ्याच्या जागेत बारा वर्षं राहिलं की जागा आपली होते, असं चाळीतला प्रत्येक माणूस सांगतो. तसं नाही. परवानगीने राहणाऱ्याचा कब्जा मालकाच्या विरुद्ध नसतो, मग बारा वर्षं राहा की बत्तीस. ख उघडपणे 'जागा माझी' म्हणाला आणि ते क ला कळलं तेव्हा, म्हणजे १६ नोव्हेंबर १९९८ ला कब्जा प्रतिकूल झाला. अनुच्छेद ६५ प्रमाणे बारा वर्षं तिथून मोजायची. ती १६ नोव्हेंबर २०१० ला संपतात.

दुसरा सापळा अधिक चांगला होता. क वारला तेव्हा ग अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांच्या आतली, होती. कायदा अज्ञान मुलांना सवलत देतो: सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. ग १८ वर्षांची झाली २० एप्रिल २०१७ ला, म्हणजे २० एप्रिल २०२० पर्यंत वेळ आहे, असं कोणीही लिहील. पण कलम ६ मधली ही सवलत मुदत सुरू होते त्या दिवशी जो दावा करू शकत होता, तोच अज्ञान असेल तरच मिळते. १९९८ ला दावा करू शकत होता क, आणि क सज्ञान होता. ग तर तेव्हा जन्मलीही नव्हती. कलम ९ सांगतं की मुदत एकदा धावू लागली की मागून आलेली कुठलीही असमर्थता तिला थांबवत नाही. बाप वारला, मुलगी चार वर्षांची होती, मुदत धावतच राहिली.

निष्कर्ष: दावा मुदतबाह्य. एवढंच नाही, कलम २७ प्रमाणे १६ नोव्हेंबर २०१० ला मुदत संपली तेव्हा ग चा हक्कच संपला.

मीटरच्या अर्जाचं मी काय केलं, ते नोंदवतो. 'ख च्या उघड व अखंड कब्जाचा आणखी एक पुरावा,' असं लिहिलं. सगळे तसंच समजतात. लाइटबिल नावावर आलं की माणूस मालक होत नाही, पण कब्जा दिसतो. अर्जाची तारीख मी तक्त्यात बरोबर घातली आणि पुढे गेलो. बातमीत असंच करतात: काय झालं, कधी झालं, कोणी केलं. अर्ज आतून वाचायचा असतो हे मला शिकवलेलं नव्हतं.

अज्ञानाच्या सापळ्यात मित्र पडेल, अशी माझी आशा होती. आशा हा शब्द बरोबर आहे.

बुधवारी, ७ ऑगस्टला, दुपारी मॅडम दिंडोशीला कोर्टात होत्या. ऑफिसात आम्ही दोघंच. तो डबा खात होता, एका हाताने झेरॉक्स उलटीपालटी करत.

'काय रे, या फॉर्मची मागची बाजू कुठे आहे?'

'कुठला फॉर्म?'

'मीटरचा. तू एकच बाजू मारून आणलीस. हा फॉर्म दोन बाजूंचा असतो.'

'मागे काय असतं?'

'मागेच तर असतं सगळं.' त्याने भाकरीचा तुकडा मोडला. 'बघून सांग ना, यार. ओरिजिनल तुझ्याकडच्या कपाटात आहे.'

मी उठलो, कपाट उघडलं, मामांची प्लास्टिकची फाइल काढली. त्यात ख ने तेव्हा मामांना दिलेली प्रत होती. मी ती उलटली. वरच्या अर्ध्या पानावर बारीक टायपात अटी आणि नियम छापले होते. खालच्या अर्ध्यावर रकाने होते आणि ते हाताने भरलेले होते. जागेच्या मालकाचे नाव: क यांची वारस कु. ग, अज्ञान, तर्फे मामा. अर्जदाराचा जागेशी संबंध: वापरणारा, मालकाच्या परवानगीने. खाली ख ची सही, तारीख २० ऑगस्ट २००७. त्याखाली ना हरकत म्हणून मामांची सही.

झेरॉक्सवाल्याच्या दुकानात हे पान माझ्या हातात होतं. वरच्या छापील अटी दिसल्या होत्या आणि मी त्याला म्हटलं होतं, मागचं नको.

'काय आहे?' त्याने विचारलं.

'नियम छापलेत,' मी म्हणालो.

'फक्त नियम?'

'वाच ना तू स्वतः,' असं म्हणणं सोपं होतं. मी म्हणालो, 'हो रे.' आणि फाइल कपाटात ठेवली.

'मग जुना फॉर्म असेल,' तो म्हणाला आणि डबा धुवायला गेला.

हे खोटं मी का बोललो याची कारणं नंतर मी पुष्कळ शोधली. त्या क्षणी एकच होतं. त्याने न बघता जे ओळखलं होतं, ते मला हातात धरूनही दिसलं नव्हतं.

कलम १८ मी त्या दुपारी ऑफिसच्याच पुस्तकात वाचलं. मुदत संपायच्या आत विरुद्ध पक्षाने सही करून लेखी कबुली दिली, तर सहीच्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. कबुली मालकालाच उद्देशून असली पाहिजे असंही नाही, तिसऱ्याला लिहिलेली चालते. वीज कंपनीला लिहिलेली चालते. ख ने १९९८ मध्ये 'जागा माझी' म्हटलं होतं, २००७ मध्ये मीटर हवा होता म्हणून 'जागा ग ची, मी परवानगीने राहतो' असं लिहून सही केली होती. तेव्हा बारा वर्षांपैकी पावणेनऊ झाली होती. घड्याळ पुन्हा शून्यावर आलं होतं. नवी बारा वर्षं २० ऑगस्ट २०१९ ला संपत होती.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी दिवस मोजले. तेरा. त्यात दोन रविवार, सोमवारी १२ ला बकरी ईद, १५ ऑगस्ट आणि १७ ला पतेती. ज्या सहीसाठी मामा स्वतःला दोष देत होते, त्या कागदावर त्या मुलीची जागा उभी होती, आणि तो कागद आमच्या दोघांपैकी फक्त मी पाहिला होता.

मी मॅडमना त्याच संध्याकाळी फोन करायला हवा होता. केला नाही. शनिवारपर्यंत थांबलो. तीन दिवस. शनिवारी फक्त माझ्या उत्तरात ते असावं एवढ्यासाठी. जुना फुलस्केप फाडून नवा लिहिला. शेवटच्या ओळीखाली रेघ मारली: 'दावा २० ऑगस्ट २०१९ किंवा त्यापूर्वी दाखल होणे आवश्यक.'

१० तारखेला मॅडमनी आधी त्याचं उत्तर वाचलं. अज्ञानाच्या सापळ्यात तो पडला नव्हता. त्याची मांडणी माझ्यापेक्षा आखूड होती आणि कुठेही चुकली नव्हती. शेवटी त्याने लिहिलं होतं: 'समोरच्या कागदांवरून दावा मुदतबाह्य. मात्र वीजजोडणीच्या अर्जाची मागील बाजू मी पाहिलेली नाही. तीत मालकाचे नाव व अर्जदाराचा जागेशी संबंध हे रकाने असतात. ती पाहिल्याशिवाय पक्षकारास मत देऊ नये.'

मग मॅडमनी माझं वाचलं. कलम १८ पाशी त्या थांबल्या, चष्मा काढला, पुन्हा घातला.

'हे तुम्ही कुठून काढलं?'

'फॉर्मच्या मागे आहे,' मी म्हणालो.

'दाखवा.'

मी फाइल दिली. त्यांनी पान उलटून वाचलं, मग खिडकीपाशी नेऊन सही बघितली. 'शाब्बास,' त्या मला म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळून, 'आणि तू? नुसतं बघितल्याशिवाय सांगू नका? कपाट चार पावलांवर आहे. उठून बघायचं ना.'

तो माझ्याकडे बघत नव्हता. तो मॅडमकडे बघत म्हणाला, 'चुकलंच, मॅडम.'

त्या वेळी मी बोलू शकत होतो. खोलीत तिघंच होतो. मी माझा फुलस्केप सरळ करत राहिलो.

मुलगी आणि मामा चार वाजता आले. मॅडमनी त्यांना मीटरच्या कागदाचा अर्थ सांगितला, तोही दोनदा. दुसऱ्यांदा ऐकताना मामांनी टेबलाची कड धरली.

'म्हणजे मी केलं ते बरोबर केलं?'

'तुम्ही नकळत बरोबर केलं,' मॅडम म्हणाल्या. 'पण निकाल लागेपर्यंत हे कुठे बोलू नका. आणि उद्यापासून उगाच दहिसरला जाऊन त्याच्याशी भांडू नका.'

'नाय जात,' मामा म्हणाले. मुलीने त्यांचा हात टेबलावरून काढून आपल्या हातात घेतला.

मॅडमनी दाव्याचा मसुदा मला करायला सांगितला. 'तुमच्या तारखा आहेत, तुम्हीच करा.' मला त्या वाक्याचा जेवढा आनंद झाला, तेवढा पहिल्या पानावरच्या बातमीचाही कधी झाला नव्हता.

खाली चहाच्या टपरीवर तो उभा होता. दोन कटिंग सांगितल्या होत्या.

'काय नियम होते रे मागे?' त्याने विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

मी खिशात सुट्टे पैसे शोधू लागलो.

'सोड. पेपरवाला आहेस तू. सोर्स सांगायचा नसतो, माहितेय मला.' तो हसला आणि त्याने ग्लास माझ्याकडे सरकवला. 'एक ऐक. ते वाक्य आहे ना, वापरणारा, मालकाच्या परवानगीने, ते लोक स्वतःहून नाही लिहीत. आम्ही काउंटरवरून सांगायचो. ज्याच्याकडे मालकीचा कागद नाही, त्याला म्हणायचं, मालकाचं नाव टाक, परवानगीने लिही, ना हरकत आण, नाहीतर अर्ज पुढे सरकणार नाही. सोळा वर्षं हेच सांगितलंय. म्हणून मागची बाजू मागत होतो.'

'मग तो म्हणेल, क्लार्कने सांगितलं म्हणून लिहिलं.'

'म्हणणारच. तोच त्याचा बचाव असणार. तेव्हा तुम्ही कंपनीच्या माणसाला साक्षीला बोलवा, ओरिजिनल अर्ज घेऊन. डिव्हिजन ऑफिसला मंजुरीच्या फाइलमध्ये असतो. झेरॉक्सवर केस लढू नका. आणि त्याला एकच प्रश्न विचारा: हे वाक्य न लिहिता मीटर मिळाला असता का? तो नाही म्हणेल. म्हणजे याने काय लिहितोय ते समजून लिहिलं, फायदा घेण्यासाठी लिहिलं. कळलं?'

'कळलं.'

'लिहून घे, नाहीतर विसरशील,' तो म्हणाला. मी खरंच लिहून घेतलं. तो बघत होता.

दावा आम्ही सोमवारी, १९ ऑगस्टला दिंडोशीच्या कोर्टात दाखल केला. मुलीने प्रतिज्ञापत्रावर सही करताना आपली जन्मतारीख दोनदा वाचली. दावा दाखल झाल्याचा लॉजिंग नंबर मिळाला तेव्हा मुदतीचा एक दिवस शिल्लक होता. तीन दिवस मी खाल्ले होते. खिडकीवरच्या कारकुनाने एक पान उलटं लागलंय म्हणून अर्धा तास आक्षेप घेतला. त्या अर्ध्या तासात मी ते तीन दिवस पुन्हा पुन्हा मोजले.

दिवाळीनंतर ऑफिसची मागची खोली मॅडमना सोडावी लागली आणि दोन ज्युनियरना जागा उरली नाही. त्यांनी मला ठेवलं. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्याला त्यांनी घाटकोपरला ओळखीच्या वकिलाकडे पाठवलं. जाताना त्याने आपलं पुस्तक, मुदतीच्या कायद्याचं, माझ्या टेबलावर ठेवलं. 'तुला लागेल,' तो म्हणाला. टोमणा होता की नव्हता, मी अजून ठरवू शकलेलो नाही. त्यानंतर तो आमच्या घरी जेवायला आला नाही. बायकोने दोनदा विचारलं. मी म्हणालो, कामात असतो.

दाव्याला पाच वर्षं लागली. त्यातली दोन कोर्ट धड न चालण्यात गेली. ख ने कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, तेच म्हटलं जे मित्राने सांगितलं होतं. सत्तरीचा माणूस, स्वच्छ धुतलेला शर्ट, पिंजऱ्यात उभा राहून शांतपणे बोलला: 'सही माझी आहे. पण वरचं मी माझ्या मनाने नाय लिहिलं. खिडकीवरच्या साहेबाने सांगितलं तसं लिहिलं. लाइट पायजे होती. पोरांना दहावी होती.' मला तो खोटं बोलतोय असं वाटलं नाही.

वीज कंपनीचा अधिकारी मूळ अर्ज घेऊन आला. त्याची सरतपासणी मॅडमनी माझ्याकडे दिली होती. मी कागद सिद्ध करून घेतला आणि मग टपरीवर लिहून घेतलेला प्रश्न विचारला. समोरच्या वकिलाने हरकत घेतली. न्यायाधीशांनी हरकत नोंदवून प्रश्न जाऊ दिला.

'नाही,' अधिकारी म्हणाला. 'मालकाच्या परवानगीशिवाय जोडणी दिली नसती.'

बाहेर कॉरिडॉरमध्ये मॅडम म्हणाल्या, 'सुंदर विचारलंत. एवढ्या वर्षांत मलाही सुचलं नसतं.'

'माझा नव्हता तो प्रश्न,' मी म्हणालो. 'त्याने सांगितला होता. आणि त्या फॉर्मची मागची बाजूही त्याने मागितली होती. मी त्याला नियम छापलेत म्हणून सांगितलं.'

हे मी धैर्याने म्हणालो असं नाही. त्या प्रश्नाची स्तुती मला सहन होईना, एवढंच. मॅडम चालता चालता थांबल्या. त्यांच्या हातातल्या फाइलची गाठ सुटत होती, ती त्यांनी नीट बांधली.

'कधी सांगितलंत?'

'बुधवारी. सात ऑगस्टला.'

'आणि मला कळलं दहाला.' त्यांनीही दिवस मोजले, मी बघत होतो. 'त्या मुलीला सांगितलंय?'

'नाही.'

'सांगा,' त्या म्हणाल्या आणि लिफ्टकडे गेल्या. त्या दिवसापासून त्यांचं 'तुम्ही' जरा जास्त स्पष्ट ऐकू येऊ लागलं.

मुलीला मी निकालाच्या दिवशी सांगितलं. मुदतीचा मुद्दा तिच्या बाजूने लागला होता: २००७ च्या सहीने नवी मुदत सुरू झाली, दावा मुदतीत आहे, कब्जा द्यावा. ती आता नोकरी करत होती, अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. मामा बाहेरच्या बाकावर बसून फोनवर कोणाला तरी मोठ्याने सांगत होते, 'माझ्या सहीवर, रे! माझ्या सहीवर!' मी तिला बाजूला घेऊन बुधवार ते शनिवारची हकीकत सांगितली, तारखांसह.

तिने पूर्ण ऐकून घेतलं. 'म्हणजे तुम्ही दोघं भांडत होतात आणि मध्ये माझं घर होतं,' ती म्हणाली.

'तो भांडत नव्हता,' मी म्हणालो.

'त्यांचा नंबर द्या मला.'

मी दिला. तिने माझ्यासमोरच फोन लावला. बराच वेळ बोलली. मध्येच हसली. मला तिचं एवढं मोकळं हसणं पाच वर्षांत ऐकायला मिळालं नव्हतं.

ख ने अपील केलं आहे, ते उच्च न्यायालयात आहे. खोल्या अजून त्याच्याकडेच आहेत. पण अपिलात आपल्या वतीने उभं राहायला मुलीने वकीलपत्र बदललं. तिने मॅडमची परवानगी मागितली आणि मॅडमनी ती लगेच दिली, पेनसुद्धा स्वतःचं दिलं. नवं वकीलपत्र मित्राच्या नावाचं आहे. फाइल त्याच्याकडे पोहोचवायला मीच घाटकोपरला गेलो. त्याचं टेबल आता दुसऱ्या एका वकिलाच्या केबिनमध्ये आहे. टेबलावर विद्यार्थ्यांचे फुलस्केप होते. आठवड्यातून दोनदा तो एका कॉलेजात शिकवायला जातो.

'ये, बस,' तो म्हणाला. 'चहा घेणार?'

त्याने फाइल उघडली, माझा तारखांचा तक्ता काढला आणि बोट ठेवून वरून खाली वाचला. एका ठिकाणी थांबून पेन्सिलने खूण केली.

'निकालाच्या पान अकरावर मुदत १९ ऑगस्टला संपते असं पडलंय. तुझ्या लेखी युक्तिवादातूनच आलं असणार. पहिला दिवस धरायचा नसतो, कलम १२. वीसला संपते. दावा १९ ला होता म्हणून फरक पडत नाही, पण अपिलात समोरचा उगाच बोंब मारेल. मी दुरुस्त करून घेतो.'

मी पान अकरा काढून बघितलं. मग बॅगेतून माझा लेखी युक्तिवाद काढून बघितला. तिथेही १९ होतं. मी पाच वर्षं तो कागद हाताळत होतो.

'बरोबर आहे तुझं,' मी म्हणालो.

'माहितेय,' तो म्हणाला आणि पुढचं पान उलटलं.